खुब्यातला स्टेम किती ताठ असावा?

खुब्याचा सांधा बदलून वर्ष-दोन वर्षं झालेली व्यक्ती व्यवस्थित चालत असते, दुखणं नाही, लंगडणं नाही. नेहमीच्या तपासणीसाठी एक्स-रे काढला जातो आणि त्यात मांडीच्या हाडाचा वरचा, आतल्या बाजूचा भाग पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. त्याची टोकदार कड गोलसर झालेली असते. आत बसवलेला टायटॅनियमचा स्टेम मात्र जागच्या जागी घट्ट असतो. किंबहुना तो इतका घट्ट बसला आहे म्हणूनच हाड झिजलेलं असतं. या प्रकाराला डॉक्टर ‘स्ट्रेस शिल्डिंग’ म्हणतात.

हाड जिवंत असतं आणि ज्या भागावर भार पडतो तिथे ते स्वतःला बळकट ठेवतं. बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये हा नियम मांडला. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं आणि अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण एक टक्क्याच्या गतीने विरळ होत जातं, ते याच नियमाने. काम मिळालं नाही तर हाड स्वतःलाच कमी करतं.

स्टेम घातल्यावर हाडाचं काम कमी कसं होतं, हे समजायला ताठरपणाचे आकडे पाहावे लागतात. पदार्थ ताणाखाली किती कमी वाकतो याचं माप म्हणजे यंगचा गुणांक. तो गिगापास्कलमध्ये मोजतात. मांडीच्या हाडाची टणक भिंत साधारण 17, खुब्यांसाठी सर्रास वापरली जाणारी टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम-व्हॅनेडियम मिश्रधातू 110 आणि कोबाल्ट-क्रोम 220 च्या आसपास. दोन पदार्थ एकत्र जोडले आणि त्यांना एकत्रच वाकावं लागलं, की जास्त ताठ असलेला जास्त भार घेतो. त्यामुळे टायटॅनियमचा स्टेम कोबाल्ट-क्रोमपेक्षा हाडाला सोयीचा मानला जातो. हा हिशोब खरा आहे, पण अर्धाच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मांडीच्या हाडाचा बाहेरचा व्यास 28 मिलिमीटर आहे, आतल्या पोकळीत 14 मिलिमीटरचा गोल स्टेम बसला आहे आणि तो हाडाला पूर्ण चिकटला आहे. वाकवणारा भार दोघांत कसा वाटला जातो, हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या तुळईच्या गणिताने काढता येतं. स्टेम टायटॅनियमचा असेल तर हाडाच्या वाट्याला सुमारे 70 टक्के येतात, कोबाल्ट-क्रोमचा असेल तर 54. आता पोकळी रुंद झाली आहे, जशी ती उतारवयात होते, आणि शल्यविशारदाला 18 मिलिमीटरचा स्टेम बसवावा लागला. बाहेरचा व्यास तोच. टायटॅनियम असूनही हाडाचा वाटा 43 टक्क्यांवर येतो. म्हणजे जाड टायटॅनियम हे बारीक कोबाल्ट-क्रोमपेक्षा हाडाला जास्त उपाशी ठेवतं! कारण गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास 14 वरून 18 झाला की हा विरोध पावणेतीनपट होतो. शिवाय हाडाची भिंत पातळ झाल्याने हाडाचा स्वतःचा विरोध घटतो, तो वेगळाच.

प्रत्यक्ष रुग्णांमध्येही असंच दिसलं. अमेरिकेतले चार्ल्स एंग आणि कॅनडातले जे. डेनिस बोबिन यांनी 1980 च्या दशकात सिमेंटशिवाय बसवलेल्या कोबाल्ट-क्रोम स्टेमचे एक्स-रे तपासले, तेव्हा 13.5 मिलिमीटर व त्याहून जाड स्टेम असलेल्यांत हाडाची झीज ठळकपणे जास्त आढळली. स्टेमवरचा सच्छिद्र लेप कुठपर्यंत आहे, यानेही फरक पडतो. लेप खालपर्यंत असेल तर हाड स्टेमला खाली पकडतं आणि वरचा भार वरच्या हाडाला टाळून थेट खाली उतरतो. म्हणूनच अनेक स्टेमवर आता फक्त वरच्या भागातच लेप देतात.

मग धातूच हाडाइतका लवचिक का करू नये? हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं पहिलं उत्तर फसलं. 1970 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये रॉबर्ट माथिस यांनी पॉलिअसिटल या प्लास्टिकचा, आत पोलादी गाभा असलेला ‘समलवचिक’ स्टेम आणला. हाडासारखा वाकणारा स्टेम हाडाला भार देईल, असा विचार होता. पण बऱ्याच रुग्णांत तो सैल झाला.

कारण असं की ताठ स्टेम भार बऱ्यापैकी लांबीवर वाटून खाली नेतो, तर लवचिक स्टेम तो वरच्या टोकालाच हाडावर टाकतो. तिथे स्टेम आणि हाड यांच्यामधला ताण वाढतो आणि दोघं एकमेकांवर घसरू लागतात. ही घसरण चाळीसएक मायक्रॉनपर्यंत असेल तर हाड स्टेमला पकडू शकतं. ती दीडशे मायक्रॉनच्या आसपास गेली की मध्ये हाडाऐवजी तंतुमय ऊतक वाढतं आणि पकड कधीच बसत नाही. नेदरलँड्समधले रिक हाउस्केस आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकात संगणकीय प्रतिमानांनी नेमकं हेच दाखवत होते. ताठरपणा कमी केला की हाडाची झीज कमी होते आणि त्याच वेळी सांधणीवरचा ताण वाढतो. दोन्ही एकदम कमी होत नाहीत.

त्यामुळे ‘हाडाशी जुळणारा’ पदार्थ शोधणं म्हणजे 17 हा आकडा गाठणं नव्हे, अशी समज या क्षेत्रात रुजली. टायटॅनियममध्ये नायोबियम, टँटलम, झिर्कोनियम मिसळून बीटा प्रकारचे मिश्रधातू तयार झाले, त्यांतल्या काहींचा गुणांक 55 ते 65 पर्यंत उतरतो. मघाच्या 18 मिलिमीटरच्या स्टेममध्ये 55 चा मिश्रधातू वापरला तर हाडाचा वाटा 43 वरून 60 टक्क्यांवर जातो. फरक मोठा आहे. अडचण अशी की या धातूंना वारंवार पडणाऱ्या भाराखाली टिकवायचं, तर उष्णतेची प्रक्रिया करून किंवा ऑक्सिजनचं प्रमाण वाढवून त्यांना बळकट करावं लागतं, आणि त्या उपायांनी ताठरपणाही पुन्हा वाढतो.

दुसरी वाट पोकळपणाची. त्रिमितीय छपाईने जाळीदार टायटॅनियम घडवता येतं. सच्छिद्र पदार्थांच्या ढोबळ नियमानुसार ताठरपणा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणून सुमारे 60 टक्के पोकळ जाळी केली की 110 चा आकडा 17 वर येतो. जाळीच्या छिद्रांत हाडही वाढतं. पण छपाईत उरलेल्या खडबडीत पृष्ठभागावरून बारीक तडे सुरू होतात. सांध्यावर तर वर्षाला दहा लाखांच्या आसपास पावलांचा भार पडतो. म्हणून भार पेलणाऱ्या स्टेमचा गाभा भरीव ठेवून फक्त वरचा थर जाळीचा करणं, हा जास्त शहाणपणाचा मार्ग वाटतो.

झीज किती झाली हे साध्या एक्स-रेवरून नक्की सांगता येत नाही, कारण बरंच हाड गेल्याशिवाय सावली फिकट होत नाही. त्यासाठी डेक्सा तपासणी करतात. स्टेमभोवतीचं हाड ग्रुएनच्या सात विभागांत वाटून प्रत्येकाची घनता मोजली जाते, आणि सातवा, म्हणजे वरचा-आतला विभाग सहसा सर्वात जास्त गमावतो. बहुतेकांत ही घट पहिल्या एक-दोन वर्षांत होते, मग वेग मंदावतो. अशा अनेकांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही. अडचण येते ती पडल्यावर स्टेमभोवतीचं पातळ हाड मोडलं तर, किंवा पंधरा-वीस वर्षांनी सांधा पुन्हा बदलायची वेळ आली आणि नवा स्टेम धरायला वरच्या बाजूला पुरेसं हाडच उरलं नसेल तर. तरुण वयात सांधा बदललेल्यांना ही दुसरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे त्यांच्यासाठी आखूड, निमुळते आणि बारीक स्टेम निवडण्याकडे अनेक शल्यविशारदांचा कल दिसतो.