बंद पडलेलं ड्रॉइंग: आधी कोणती फाइल उघडायची?

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं पाइपिंग ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये चालू आहे, असं समजा. 11:00 आणि 11:20 ला सेव्ह केलं, लगेच पुढचं काम सुरू झालं आणि 11:35 ला प्रोग्रॅम कोसळला. बहुतेक जण आधी `.bak` शोधतात. पण ती आदल्या सेव्हची प्रत, म्हणजे 11:00 चं काम. मूळ `.dwg` मध्ये 11:20 पर्यंतचं आहे. दर 10 मिनिटांचा ऑटोसेव्ह चालू असेल, तर 11:30 च्या सुमारासचं काम `.sv$` मध्ये सापडेल. म्हणून पहिला मान तिचा. तिचा फोल्डर `SAVEFILEPATH` दाखवतो. तिथली प्रत दुसरीकडे न्या, वेगळं नाव देऊन शेवट `.dwg` करा आणि उघडा.

मग `.bak` कशाला, असं कोणी विचारेल. मूळ फाइलच बिघडली, तर तीच उपयोगी. मात्र बिघाडानंतर दोनदा सेव्ह केलं, तर तीही बिघडलेलीच निघते. ऑटोसेव्ह आहे म्हणून सेव्ह टाळणंही चूक, कारण ड्रॉइंग नीट बंद केलं की `.sv$` पुसली जाते. बदल नाकारून बंद केलेल्या ड्रॉइंगसाठी तिच्यावर विसंबू नका.