हरवलेल्या एका इअरबडची जोडी कशी लागते, आणि का लागत नाही

लोकलमधून उतरताना माझ्या भाच्याच्या कानातला उजवा एअरपॉड रुळांवर पडला. जोडी दुसऱ्या पिढीची होती. चार दिवसांनी त्याने ऑनलाइन एकच उजवा बड मागवला. तो अस्सल होता, आकार हुबेहूब तोच होता, केसमध्ये नीट बसला आणि चार्जही झाला. फोनशी मात्र जोडी काही केल्या जुळेना, केसवरचा दिवा केशरी लुकलुकत राहिला. विक्रेत्याने फसवलं, असं भाच्याला वाटलं. मी बडच्या दांडीखालचे बारीक आकडे भिंगातून वाचले आणि उलगडा झाला.

गैरसमज: दिसायला सारखा आहे आणि केसमध्ये चार्ज होतो, म्हणजे जुळणारच.

वस्तुस्थिती: एअरपॉड्सची पहिली पिढी २०१६ साली आली, दुसरी २०१९ साली. दोन्हींचा आकार सारखाच आणि केसही दोघांना चालते, म्हणूनच घोटाळा होतो. आतली चिप मात्र वेगळी आहे, पहिल्या पिढीत W1 आणि दुसऱ्या पिढीत H1. केस दोघांनाही वीज देते, पण डावा एका पिढीचा आणि उजवा दुसऱ्या पिढीचा असेल तर त्यांची जोडी होत नाही. ओळखायची खूण म्हणजे मॉडेल क्रमांक. पहिल्या पिढीच्या बडवर A1523 किंवा A1722 असतो, दुसऱ्या पिढीच्या बडवर A2032 किंवा A2031. भाच्याकडे उरलेल्या बडवर A2031 होतं आणि आलेल्यावर A1523. वस्तू खराब नव्हती, फक्त त्याच्या जोडीची नव्हती. विक्रेत्याच्या जाहिरातीत पिढीचा उल्लेखच नव्हता, आणि भाच्यानेही विचारलं नव्हतं.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून मॉडेल क्रमांक दिसेल असा फोटो मागा. 'सगळ्या एअरपॉड्सना चालतो' असं कुणी सांगितलं तर तिथे घेऊ नका.

गैरसमज: केशरी दिवा लुकलुकतोय, म्हणजे नवा बड बिघडलेला आहे.

वस्तुस्थिती: बदली बड आणल्यावर हे अगदी नेहमी होतं. जुना आणि नवा बड अजून एकमेकांना जोडीदार म्हणून ओळखत नसतात. मॉडेल एकच असलं तरी आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, वेगवेगळ्या आवृत्तीचं असू शकतं. भाच्याने तो बड परत केला आणि योग्य क्रमांकाचा आणला, तेव्हाही दिवा आधी केशरीच होता. मग आम्ही असं केलं: दोन्ही बड केसमध्ये ठेवले, झाकण उघडं ठेवून मागचं बटण पाच सेकंद दाबून धरलं. दिवा पांढरा झाला नाही. तेव्हा झाकण लावलं, केस चार्जरला जोडली आणि वीस मिनिटं तिला हात लावला नाही. पुन्हा झाकण उघडून बटण दाबलं, तसा दिवा पांढरा लुकलुकू लागला आणि आयफोन जवळ नेताच पडद्यावर जोडणीची खिडकी उघडली. बहुतेक जण या वीस मिनिटांच्या आतच धीर सोडतात आणि चांगला बड परत पाठवतात. एवढं करूनही पांढरा दिवा आला नाही, तर क्रमांक पुन्हा तपासा आणि सेवा केंद्र गाठा.

जोडी लागल्यावर नवा बड जुन्यापेक्षा जास्त वेळ चालेल. जुन्याची बॅटरी वापरून थकलेली असते, त्यामुळे एक आधी बंद पडणं हा दोष नाही.

गैरसमज: वापरलेला बड किंवा केस रीसेट केली की ती आपली झाली.

वस्तुस्थिती: नव्या मॉडेलचे एअरपॉड्स Find My मधून मालकाच्या अ‍ॅपल खात्याशी बांधलेले असतात. बटण दाबून रीसेट केल्याने ही गाठ सुटत नाही. ती सोडवायची तर मूळ मालकाने आपल्या फोनवरच्या Find My मधून ते काढून टाकावे लागतात. विक्रेता तो मालक नसेल, किंवा माल कुणाचा तरी हरवलेलाच असेल, तर तुम्ही काहीही करू शकत नाही. सेकंडहँड घेताना माणूस समोर असताना, आपल्या फोनशी जोडून पाहूनच पैसे द्या.

आणि शोधाशोध सुरू करण्याआधी एक लक्षात घ्या. अ‍ॅपल हरवलेला एकच बड किंवा नुसती केस शुल्क घेऊन देते, त्यासाठी संपूर्ण जोडी घ्यावी लागत नाही. अनुक्रमांक मूळ खोक्यावर असतो आणि केसच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही. केसच हरवली असेल तर खोकं उपयोगी पडतं, म्हणून ते टाकू नका. मात्र अ‍ॅपलकेअर प्लस घेतलं असलं तरी हरवलेला एअरपॉड त्यात बसत नाही, ती योजना मोडतोड आणि बॅटरीपुरतीच आहे.