निकाहची डीव्हीडी मोबाइलवर आणताना

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या निकाह आणि वलीम्याच्या डीव्हीडी अनेक घरांतल्या कपाटात आहेत, पण त्या लावायला प्लेअर उरलेला नाही. आम्ही अशा घरगुती डिस्कची फाइल HandBrake या मोफत सॉफ्टवेअरने करतो. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कला कुलूप असते. ते हे सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि तो आमचा विषयही नाही.

आधी डिस्क मऊ कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसू नये. मग तिच्यातले VIDEO_TS हे फोल्डर संगणकावर उतरवून घ्यावे. त्यात चित्रीकरणाचे एकेक जीबीपर्यंतचे तुकडे असतात. HandBrake मध्ये ते संपूर्ण फोल्डर उघडले की तुकडे आपोआप जोडले जातात. Title च्या यादीत सर्वांत जास्त वेळाचा भाग बहुधा मुख्य कार्यक्रम असतो. 

आपल्याकडच्या डिस्क बहुतेक पाल पद्धतीच्या, म्हणजे ५७६ ओळींच्या असतात. म्हणून Fast 576p25 हा तयार पर्याय निवडावा. १०८० निवडल्याने जुने चित्र स्पष्ट होत नाही. दर्जा RF या आकड्यावर ठरतो: आकडा लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. अशा डिस्कसाठी १८ ते २२ पुरेसे. आम्ही २० ठेवतो.

तीन तासांचे काम सुरू करण्यापूर्वी दोनच मिनिटांचा नमुना करावा. सेहऱ्याची फुले आणि ओढणीची जर जिथे हलताना दिसते, तो भाग घ्यावा. जर चौकोनी ठिपक्यांत विरघळली, तर RF १८ करावा. हलणाऱ्या हाताभोवती कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या, तर दोष दर्जाचा नाही. डीव्हीडीत एक चित्र दोन अर्ध्या भागांत साठवलेले असते, ते नीट जुळले नाहीत. Filters मध्ये Deinterlace समोर Decomb निवडले की रेषा जातात.

एखाद्या मुशायऱ्याच्या किंवा नाटकाच्या डिस्कवर सबटायटल्स असतात. ती अक्षरे नसून छोटी चित्रे असतात, म्हणून त्यांचा फाँट बदलता येत नाही. Subtitles मध्ये हवी ती भाषा जोडावी, Burn In वरची खूण काढावी आणि फाइल MKV प्रकारात करावी. म्हणजे सबटायटल्स हवी तेव्हा चालू-बंद करता येतात. Burn In ठेवले तर ती चित्रावर कायमची उमटतात. तरीही टीव्ही त्यांना दाखवतच नसेल, तर तेवढ्यापुरती Burn In केलेली दुसरी फाइल करावी.

तयार फाइल रुखसतीच्या शेवटच्या दृश्यापर्यंत चालवून पाहावी. ओरखडा असेल तिथे चित्र थांबते किंवा आवाज पुढे-मागे होतो. ती दोन वेगळ्या ठिकाणी साठवावी, आणि डिस्क मात्र फेकू नये. मूळ चित्र तिच्यातच आहे.