K12 गेला कुठे?

सामानाच्या एका मोठ्या दुकानाची नोंदवही मायएसक्यूएलमध्ये आहे. ती पोस्टग्रेसमध्ये हलवायची असे ठरते. रात्रभर नोंदी उतरवल्या जातात आणि सकाळी पडताळणीचा प्रोग्राम चालवला जातो. जुन्या तक्त्यात जितक्या नोंदी, तितक्याच नव्यात. तरीही अहवाल सांगतो की शेकडो वस्तू गायब आहेत. माणसे घाबरतात, पुन्हा सगळे उतरवतात, पुन्हा पडताळतात. अहवाल तोच येतो.

खरे तर एकही वस्तू हरवलेली नसते. चूक असते ती दोन्हीकडची यादी लावण्याच्या पद्धतीत.

मोठे तक्ते पडताळण्याची रीत जुन्या कारकुनासारखीच आहे. दोन रजिस्टरे शेजारी उघडायची, दोन्ही सांकेतिक क्रमांकानुसार लावलेली हवीत, आणि एकेका रजिस्टरावर एकेक बोट ठेवून खाली सरकत जायचे. दोन्ही बोटांखाली एकच क्रमांक असला की जुळले, दोन्ही बोटे पुढे. डावीकडचा क्रमांक लहान असला, तर तो उजवीकडे येऊन जायला हवा होता पण आला नाही, म्हणून ‘उजवीकडे नाही’ असा शेरा मारायचा आणि फक्त डावे बोट पुढे न्यायचे. कोट्यवधी नोंदी असल्या तरी प्रत्येक यादी एकदाच वाचावी लागते, म्हणून ही रीत वेगवान आहे. मात्र तिची एक अट आहे. लहान कोण आणि मोठे कोण, याबद्दल दोन्ही रजिस्टरांचे आणि बोट फिरवणाऱ्याचेही एकमत हवे.

डेटाबेसमध्ये हा लहान-मोठ्याचा नियम कोलेशन ठरवते. कोणते अक्षर कोणाआधी येते आणि कोणती दोन अक्षरे सारखीच मानायची, हे दोन्ही त्यातच येते. हा नियम देशागणिक बदलतो. स्वीडिश भाषेत ‘ä’ हे अक्षर ‘z’ च्याही नंतर येते, जर्मन शब्दकोशात मात्र ते ‘a’ च्या शेजारी बसते. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला. त्यामुळे आठवी आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे 2018 पर्यंत, जगभरच्या असंख्य तक्त्यांना काही न सांगता latin1_swedish_ci हेच कोलेशन लागत असे. आता तिथे utf8mb4_0900_ai_ci असते. शेवटच्या ci चा अर्थ असा, की कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करायचा नाही. पोस्टग्रेस मात्र नेहमीच्या मांडणीत K आणि k यांना दोन वेगळी अक्षरे मानतो. त्याचे कोलेशन ‘C’ ठेवले असेल, तर तो अक्षरांमागच्या संगणकीय आकड्यांनुसारच रांग लावतो. K चा आकडा 75, k चा 107. म्हणजे सगळी कॅपिटल आधी, सगळी स्मॉल नंतर.

आता चारच वस्तू घेऊ: K10, k11, K12 आणि k13. दोन्ही तक्त्यांत त्या चारही आहेत. मायएसक्यूएल रांग लावतो ती K10, k11, K12, k13 अशी. ‘C’ कोलेशनचा पोस्टग्रेस लावतो K10, K12, k11, k13. डावीकडे पोस्टग्रेस, उजवीकडे मायएसक्यूएल, आणि पडताळणारा प्रोग्राम आकड्यांनुसार तुलना करणारा. K10 जुळते. मग डावीकडे K12, उजवीकडे k11. आकड्यांनुसार K12 लहान, म्हणून शेरा पडतो: ‘K12 उजवीकडे नाही’. डावे बोट पुढे सरकते, k11 आणि k11 जुळतात. पुढे डावीकडे k13, उजवीकडे K12. आता उजवीकडचे लहान, म्हणून शेरा: ‘K12 डावीकडे नाही’. शेवटी k13 जुळते.

एकच K12 दोन्हीकडून गायब! खोटी तफावत ओळखण्याची याहून पक्की खूण नाही. खरोखर हरवलेली नोंद एकाच बाजूने हरवते. म्हणून असा अहवाल हाती आला की पहिले काम म्हणजे ‘इकडे नाही’ आणि ‘तिकडे नाही’ या दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहायच्या. त्यांत तेच क्रमांक सापडले, तर नोंदी पुन्हा उतरवण्यात वेळ घालवू नये.

दोन्हीकडे पोस्टग्रेस असले म्हणजे सुटलो, असेही नाही. पोस्टग्रेस अनेकदा रांगेचा नियम लिनक्समधल्या glibc या ग्रंथालयाकडून उसना घेतो. 2018 मध्ये त्याच्या 2.28 या आवृत्तीत हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. इंग्रजीच्या en_US.UTF-8 या मांडणीत आधी 11 नंतर 1-1 येत असे. नव्या आवृत्तीत 1-1 आधी येतो. जुन्या आणि नव्या लिनक्सवरचे तेच दोन तक्ते त्यामुळे वेगळ्या रांगेत उभे राहतात. संकेतात आडवी रेघ वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

उपाय सरळ आहे. पडताळणीपुरती दोघांनाही आकड्यांनुसार रांग लावायला सांगायची:

```sql
-- MySQL (8.0.17 पासून)
SELECT code FROM items
ORDER BY code COLLATE utf8mb4_0900_bin;

-- PostgreSQL
SELECT code FROM items
ORDER BY code COLLATE "C";
```

मायएसक्यूएलचा रकाना utf8mb4 या अक्षरसंचाचा असेल, तरच पहिली ओळ चालते. शिवाय रकान्यावरची अनुक्रमणिका जुन्या कोलेशनने बांधलेली असते. ती इथे उपयोगी पडत नाही आणि मोठ्या तक्त्याची रांग नव्याने लावावी लागते. वेळ लागतो, पण तो द्यावा.

रांग एक झाली की उरते ती दुसरी तफावत, आणि ती जास्त नाजूक आहे. एका शाखेने वस्तूचा संकेत ab-7 लिहिला, बिलात मात्र AB-7 आहे. मायएसक्यूएलने इतकी वर्षे दोन्ही एकच मानून बिल वस्तूशी जोडले. पोस्टग्रेसमध्ये ती जोडणी तुटते. इथे अनेकजण दोन्ही बाजूंना LOWER लावून सगळी अक्षरे स्मॉल करतात आणि मोकळे होतात. हा उतावळेपणा आहे. सेल्सफोर्समधला 15 अक्षरांचा नोंदक्रमांक घ्या: त्यात नुसत्या कॅपिटल-स्मॉलच्या फरकाने दोन वेगळी गिऱ्हाइके दर्शवली जाऊ शकतात. स्मॉल केले की दोघे एक होतील. सेल्सफोर्सने म्हणूनच 18 अक्षरांचे रूपही दिले. शेवटची तीन अक्षरे आधीच्या पंधरांपैकी कोणती कॅपिटल आहेत हे सांगतात, त्यामुळे ते रूप सगळे स्मॉल केले तरी वेगळे राहते. LOWER लावण्याआधी प्रत्येक तक्ता स्वतंत्रपणे तपासावा. स्मॉल केल्यावर त्यातले दोन संकेत एक होत असतील, तर तिथे हात लावू नये.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, पण मराठी नावे किल्ली म्हणून वापरणाऱ्यांनाही हा त्रास चुकत नाही. ‘कऱ्हाड’मधला ऱ एका संगणकीय अक्षरात साठवता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन अक्षरांत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडने हे दोन्ही अधिकृतपणे समान मानले आहेत, म्हणून पोस्टग्रेसमधील normalize हे फंक्शन त्यांना एका रूपात आणते. ‘ॲल्युमिनियम’मधल्या ॲ चे तसे नाही. तो एक अक्षर म्हणून लिहिला काय किंवा अ वर चंद्र देऊन लिहिला काय, युनिकोडच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर आहेत आणि normalize त्यांना एक करत नाही. तिथे एकाच्या जागी दुसरे ठेवण्याचा नियम पडताळणाऱ्याने स्वतः लिहावा लागतो.