वऱ्हाड सापडत का नाही?

ग्रंथालयाच्या संगणकावर 'वऱ्हाड' हा शब्द टाइप केला की काही पुस्तकं दिसतात आणि काही दिसत नाहीत. न दिसणाऱ्या पुस्तकांच्या नावातही 'वऱ्हाड'च लिहिलेलं असतं, अक्षरन् अक्षर तेच. तरीही संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरतात. मराठी ग्रंथसूची, मतदारयाद्या, जमिनीचे दस्तऐवज, वर्तमानपत्रांचे जुने अंक, जिथे जिथे मराठी मजकूर माहितीसाठ्यात जातो तिथे हा घोळ होऊ शकतो.

संगणक अक्षराचा आकार साठवत नाही. युनिकोडने प्रत्येक वर्णाला, मात्रेला आणि हलन्ताच्या खुणेला एकेक क्रमांक दिला आहे. शब्द म्हणजे अशा क्रमांकांची ओळ, आणि शोध म्हणजे दोन ओळी जुळतात का ते पाहणं. 'वऱ्हाड'मधला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र तीन प्रकारे लिहिला जातो. पहिल्या प्रकारात 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण, म्हणजे U+0931, आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, त्याखालचा नुक्ता आणि मग हलन्त. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर U+200D हे न दिसणारं जोडचिन्ह. कोणता प्रकार उमटेल हे कळफलकावर अवलंबून असतं. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. पण शब्दाची लांबी मोजायला सांगितली तर पहिल्याची सहा येते आणि उरलेल्या दोघांची सात. दिसायला सारख्या शब्दांची लांबी वेगळी आली की ओळखावं, घोटाळा क्रमांकांत आहे.

यावरचा पहिला उपाय युनिकोडनेच दिला आहे. त्याला सामान्यीकरण म्हणतात, आणि त्याच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रकाराचं नाव एनएफसी. एनएफसी केलं की र आणि नुक्ता एकत्र येऊन 'ऱ' होतात, म्हणजे पहिला आणि दुसरा प्रकार एक होतो. तिसरा मात्र तसाच राहतो, कारण जोडचिन्हाचं लेखन युनिकोड 'ऱ'शी समान मानत नाही. तीच गत 'ॲ'ची. 'ॲ'ला २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला, पण 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेलं रूपही मजकुरात सापडतं आणि सामान्यीकरण त्या दोघांना जोडत नाही. एनएफसी चालवून काम संपलं असं समजणारे इथेच फसतात. ही रूपं आपणच बदलून घ्यावी लागतात. पोस्टग्रेसच्या तेराव्या आवृत्तीपासून सामान्यीकरणाची सोय आहे, तिथे ते असं करता येतं:

```sql
normalize(
  replace(
    replace(t, U&'\0930\094D\200D',
               U&'\0931\094D'),
    U&'\0905\0945', U&'\0972'),
  NFC)
```

आधी जोडचिन्हाचा र 'ऱ'मध्ये बदलला, मग चंद्राचा 'अ' 'ॲ'मध्ये, आणि शेवटी एनएफसी. त्यानंतर उरलेली अदृश्य चिन्हं काढून टाकायची. हा क्रम पाळायलाच हवा. अदृश्य चिन्हं आधीच काढली तर तिसऱ्या प्रकारातला र साध्या रफारात मिसळून जातो आणि 'आचाऱ्यांना' व 'आचार्यांना' यांतला फरक पुसला जातो. एकात स्वयंपाकी आहेत, दुसऱ्यात गुरू.

इथवर एकच लेखन एकाच रूपात आलं. पण मराठी शब्द मुळातच एकाहून अधिक प्रकारे लिहिले गेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत उच्चारात नसलेले अनुस्वार जागोजागी आहेत. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचं नाव जुन्या लेखनात 'पण लक्षांत कोण घेतो' असं आहे; आजचा वाचक 'लक्षात' असंच टाइप करणार. 'कवि' आणि 'कवी', 'पण्डित' आणि 'पंडित', 'दीनानाथ' आणि 'दिनानाथ' या जोड्याही अशाच. यांतलं कोणतंही रूप सूचीत दुरुस्त करून टाकणं योग्य नाही. मुखपृष्ठावर जे छापलं आहे ते त्या काळाच्या लेखनाचा पुरावा आहे, आणि सूचीत ते तसंच राहायला हवं.

म्हणून मूळ नावाला हात न लावता त्याच्या शेजारी शोधासाठी दोन वेगळे स्तंभ ठेवावेत. पहिल्यात काटेकोर रूप: वर सांगितलेलं सामान्यीकरण, आणि त्याच्या जोडीला परसवर्णाचा अनुस्वार. म्हणजे ण् नंतर ट, ठ, ड, ढ आलं किंवा न् नंतर त, थ, द, ध आलं तर तिथे अनुस्वार घालायचा. बाकीच्या वर्गांचंही तसंच. नियम या चार-चार व्यंजनांपुरताच ठेवावा, नाहीतर 'जन्म', 'अन्न', 'पुन्हा', 'वाङ्मय' हे शब्द मोडतात. दुसऱ्या स्तंभात सैल रूप: काटेकोर रूपातले सगळे अनुस्वार आणि नुक्ते काढायचे, दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करायचे, 'ऱ'चा र करायचा. वाचकाने टाइप केलेला शब्दही याच दोन प्रक्रियांतून गेला पाहिजे. ही अर्धी बाजू विसरली की साठ्यात कितीही नीट काम केलेलं असलं तरी शोध फसतो.

आता 'लक्षात' आणि 'लक्षांत' यांचं सैल रूप एकच होतं, 'दिनानाथ' आणि 'दीनानाथ' यांचंही. पण 'शिर' आणि 'शीर', 'दिन' आणि 'दीन', 'मंद' आणि 'मद' हेही एक होतात. म्हणून काटेकोर रूप जुळलेली पुस्तकं यादीत वर आणि फक्त सैल रूप जुळलेली त्यांच्याखाली. सैल रूप एकट्यावर शोध चालवला तर 'शीर' शोधणाऱ्या वैद्याला शिरच्छेदाच्या कथा आधी दिसतील. १९६२ नंतरच्या लेखनात 'घरांत' हे अनेकवचन आहे, जुन्या लेखनात ते एकवचनही असू शकतं. त्यामुळे अनुस्वार काढल्याने अर्थ कुठे बिघडला हे यंत्राला नव्हे, वाचकालाच ठरवता येतं. त्याला दोन्ही दाखवणंच बरं.

सैल रूपाचा आणखी एक लाभ होतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि सामान्यरूपात उपान्त्य स्वर अनेकदा ऱ्हस्व होतो: फूल, फुलांचा; गरीब, गरिबांना. सैल रूपात 'फूल'चं 'फुल' होतं आणि 'फुलांचा'चं 'फुलाचा'. शब्दाच्या सुरुवातीशी जुळवणी केली की दोन्ही सापडतात. मात्र शब्द सुटे करणारं साधन मात्रांना शब्दाचा भाग मानतं का, हे आधी तपासावं. पायथनमधलं `\w+` 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे करतं.

याच्या पलीकडे ही पद्धत जात नाही. 'कापूस' आणि 'कापसाचा', 'पुणे' आणि 'पुण्यात' यांत शब्दाचं अंगच बदलतं, तिथे सामान्यरूपांचा कोश लागतो. 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' एकत्र यावेत म्हणून ल आणि ळ सरसकट एक केले तर 'काल' आणि 'काळ' मिसळतात; आडनावांसाठी पर्यायांची वेगळी यादी करणंच सोयीचं. आणि नियमात कोणताही बदल करण्याआधी जोड्यांच्या दोन याद्या तयार ठेवाव्यात: एकत्र सापडायलाच हव्यात अशा, आणि एकमेकींच्या वर कधीच येऊ नयेत अशा. प्रत्येक बदलानंतर दोन्ही याद्या चालवून पाहिल्या की कोणता नियम कोणत्या शब्दांना गिळतो आहे ते लगेच कळतं.