दुरुस्तीची नोंद

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी अकाउंट्स बघते. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-2बी येतं आणि आमची धावपळ सुरू होते. पुरवठादारांनी आपापल्या रिटर्नमध्ये आमच्या नावावर जी बिलं दाखवली, त्यांची ही यादी. आमच्या खरेदीच्या नोंदी तिच्याशी जुळवायच्या, कारण 2022 पासून जे बिल 2बीमध्ये नाही त्याचं इनपुट क्रेडिट घेता येत नाही. 20 तारखेला 3बी भरायचं. म्हणजे हातात पाच-सहा दिवस.

एका महिन्यात 17 बिलं जुळेनात. कर 2,86,450 रुपये. 15 तारखेच्या संध्याकाळी कारण सापडलं. पंधरा बिलं एकाच पुरवठादाराची होती. बिलावर आमचा नंबर बरोबर होता, 27 ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा. पण रिटर्न भरताना त्यांच्या माणसाने आमच्या गुजरातच्या गोडाऊनचा, 24 ने सुरू होणारा नंबर टाकला होता. गुजरातचं 2बी उघडलं, तर पंधराही तिथे सुखरूप बसलेली. कंपनी एकच असली तरी कायद्याच्या लेखी दोन राज्यांतल्या नोंदण्या म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती, त्यामुळे तिथलं क्रेडिट इथे चालत नाही. उरलेली दोन बिलं दुसऱ्या एका पुरवठादाराची. त्याने रिटर्न 11 तारखेनंतर भरलं होतं, म्हणून ती पुढच्या महिन्याच्या 2बीत येणार होती.

मी फाईल पाठवली आणि घरी गेले. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी पुरवठादाराला गाठलं आणि बिलं दुरुस्त करायला कबूल करून घेतलं. मग बावीस मेलच्या त्या साखळीच्या शेवटी आमच्या मॅनेजर मॅडमनी सारांश लिहिला: सतरा बिलांचं कारण त्याने शोधलं, पाठपुरावाही तोच करतो आहे, त्याचे आभार. प्रत सगळ्यांना, बाहेरच्या सीए साहेबांनाही.

इनपुट क्रेडिट गुजरातला गेलं आणि माझं शेजारच्या टेबलावर, असा विनोद आज सुचतो. त्या दिवशी नव्हता सुचला. मरोळ नाक्याहून मेट्रो, अंधेरीहून बोरिवली स्लो, आणि जोगेश्वरी यायच्या आत मोबाईलवर उत्तर तयार: ‘फक्त रेकॉर्डसाठी सांगते, हे काम प्रत्यक्षात मी केलं होतं.’ डब्यातल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘अगं, हे तर भांडणाचं पहिलं वाक्य आहे.’ मालाड आलं तेव्हा खोडून टाकलं.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर ती साखळी मुळापासून वाचली. हे आधीच करायला हवं होतं. सारांश लिहिणारा माणूस साधारणपणे वरून खाली वाचतो, म्हणजे सगळ्यात नवा मेल आधी. वरच्या पाचही मेलांत सहकाऱ्याचं नाव होतं आणि शेवटची फाईलही त्यानेच पाठवलेली. माझा मेल चौदावा. त्यात मी लिहिलं होतं काय? ‘सोबत फाईल जोडली आहे, तिसरी शीट पाहावी.’ बस. शोध सगळा तिसऱ्या शीटच्या एका रकान्यात पुरलेला. मॅडमनी डावललं नव्हतं, त्यांना दिसलंच नव्हतं. शिवाय पुरवठादाराशी अर्धा दिवस हुज्जत घालण्याचं सहकाऱ्याचं काम खरंच होतं. चूक होती ती एकाच क्रियापदात: ‘शोधलं’.

इथे मला आमच्याच धंद्याची रीत आठवली. खात्यात चुकीची नोंद झाली तर आम्ही पान फाडत नाही, दुरुस्तीची नोंद टाकतो. टॅलीत जर्नल व्हाउचर करायचं, जेवढी रक्कम चुकीच्या खात्यात गेली तेवढीच हलवायची, आणि खाली नरेशनमध्ये कशासाठी ते एका ओळीत लिहायचं. तिथे कोणी ‘खेदाची गोष्ट म्हणजे’ असं लिहीत नाही. मोठमोठे खुलासे करणाऱ्यांची गफलत बहुतेक रकमेत होते. हलवायचे असतात शंभर आणि ते समोरच्याचं अख्खं खातं रिकामं करतात. कोतेपणा वाटतो तो त्याचा.

शिवाय नोंदीला कारण लागतं, आणि ते माझ्यापाशी होतं. त्या दोन उशिराच्या बिलांची गोष्ट वेगळी आहे हे सहकाऱ्याला ठाऊकच नव्हतं. सारांश तसाच राहिला असता तर सीए साहेबांनी त्याला विचारलं असतं, आणि त्याने दुसऱ्या पुरवठादारालाही नसलेली चूक दुरुस्त करायला लावली असती.

सकाळी आधी त्याच्याकडे गेले. ‘अरे, मॅडमच्या मेलमध्ये थोडी सरमिसळ झालीय. मी त्याच साखळीत सुधारते, तुझा फॉलोअपचा भाग तसाच ठेवते. चालेल ना?’ तो ओशाळून म्हणाला, ‘मीच लिहिणार होतो गं.’ लिहिणार होता की नाही देव जाणे, पण आता माझा मेल त्याच्या पाठीवर येऊन पडणार नव्हता.

साडेदहाच्या आत उत्तर गेलं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत साधारण असं:

‘मॅडम, सारांशाबद्दल धन्यवाद. पंधरा बिलांच्या दुरुस्तीचा पाठपुरावा सारांशात आहे तसाच चालू आहे. पुरवठादाराला कबूल करायला लावण्याचं काम माझ्या सहकाऱ्यानेच केलं. एक दुरुस्ती: कारण मी 15 तारखेच्या मेलमधल्या तिसऱ्या शीटमध्ये नोंदवलं होतं, त्यामुळे त्याबद्दलचे प्रश्न माझ्याकडे पाठवावेत. उरलेली दोन बिलं उशिरा भरलेल्या रिटर्नची आहेत. त्यांत काही बदलायचं नाही, पुढच्या 2बीत तपासेन.’

पहिल्या खर्ड्यातला ‘प्रत्यक्षात’ गेला, ‘गैरसमज नसावा’ गेलं, शेवटची हसरी बाहुलीही गेली. ती असली की वाचणाऱ्याला वाटतं, हिला राग आलाय आणि ती लपवतेय. तारीख आणि शीटचा क्रमांक मात्र ठेवला, कारण त्यामुळे कोणालाही माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही, उघडून बघता येतं. आणि उत्तर सगळ्यांना पाठवलं, कारण सारांश सगळ्यांना गेला होता. सीए साहेब बाहेरचे खरे, पण आमच्यातलेच झालेले. तिथे ग्राहक असता तर मी मॅडमनाच एकटं गाठलं असतं आणि सुधारून घ्यायला सांगितलं असतं; घरातली धुणी ग्राहकासमोर वाळत घालायची नसतात. घाई एवढ्यासाठी की दर महिन्याच्या आढाव्याची स्लाईड अशा सारांशांतूनच उचलली जाते, आणि एकदा स्लाईडवर गेलेलं वाक्य वर्षअखेरीच्या अप्रेझलपर्यंत टिकतं.

हा उपाय चालला कारण चूक नजरेची होती. तिसऱ्यांदा तेच, त्याच माणसाच्या बाबतीत घडलं असतं तर साखळीत कितीही नेटकी नोंद टाकून उपयोग नव्हता. मग केबिनचं दार लोटून बोलावं लागतं, आणि तो वेगळाच प्रकार.

मॅडमचं उत्तर बारा वाजता आलं, दोन शब्दांचं: ‘नोंद घेतली.’ दुपारी सीए साहेबांचा फोन थेट माझ्या टेबलावर.

पुढच्या 14 तारखेला 2बी उतरवलं. दोन उशिराची बिलं आली होती, पंधरांपैकी चौदा आली होती. एक अजून गुजरातेतच. मी मेल उघडला, पहिल्याच ओळीत बिलाचा नंबर आणि कारण लिहिलं, आणि मग फाईल जोडली.