क्रियापद पडलं की

चाकणच्या एका वाहनभागांच्या कारखान्यात माझी एक मैत्रीण परचेसमध्ये आहे. दर सोमवारी सकाळी प्लांट हेडसमोर आठ जणांची बैठक असते आणि तिथे प्रॉडक्शनचे एक सीनियर तिला वाक्य पुरं करू देत नाहीत, अशी तिची कित्येक महिन्यांची तक्रार होती. एका संध्याकाळी मी तिला म्हटलं, नेमकं काय बोललीस आणि ते नेमके कुठे मध्ये पडले, ते शब्दाशब्दानं सांग. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं:

“रबर सीलचा माल उशिरा येतोय.”

“हो, ते माहीतच आहे आम्हाला, पण खरा प्रश्न डाय चेंजचा आहे...”

पुढची दहा मिनिटं बैठक डाय चेंजवर गेली. तिला सांगायचं होतं ते वेगळंच होतं. आधीच्या पाचपैकी तीन लॉट उशिरा आले होते, दुसऱ्या सप्लायरचा ट्रायल लॉट पास झाला होता आणि 40 टक्के ऑर्डर तिकडे वळवायला मंजुरी हवी होती.

ते मध्ये कुठे पडले ते पाहा. ‘येतोय’वर. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

बोलताना आपण एकमेकांच्या पाळ्या कशा सांभाळतो, याचा पायाभूत अभ्यास हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केला. ऐकणारा माणूस बोलणारा गप्प होण्याची वाट पाहत बसत नाही. वाक्य कुठे संपणार याचा अंदाज तो आधीच बांधतो आणि तिथे पाय ठेवायला तयार असतो. म्हणून दोन माणसांच्या बोलण्यातलं अंतर बहुतेक वेळा सेकंदाच्या पाचव्या भागाइतकंच असतं. वाक्य जिथे संपल्यासारखं वाटतं, ती जागा म्हणजे उघडं दार. मराठीत हे दार कुठे आहे ते सगळ्यांना ऐकू येतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘येतोय’, ‘झालंय’, ‘आहे’ म्हणत आवाज खाली आला की समोरच्याच्या कानाला वाक्य संपलं. त्यावर ‘ना’ किंवा ‘नाही का’ जोडलं, तर आपणच पाळी त्याच्या हाती दिली.

आवाज उतरण्याचा परिणाम किती खोल असतो, याचं एक गाजलेलं उदाहरण मार्गारेट थॅचर यांचं आहे. मुलाखतींमध्ये त्यांना वारंवार मध्येच तोडलं जाई. जेफ्री बीटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या 1979 च्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीतल्या नेमक्या त्या जागा तपासल्या आणि 1982 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. बाईंचं बोलणं संपलेलं नसतानाही त्या जागांवर आवाजाची पट्टी झपकन खाली येत होती. तेवढेच तुकडे ऐकवले, तर ऐकणाऱ्यांनाही बोलणं संपल्यासारखं वाटे. मध्ये पडणारा प्रत्येक जण उद्धट असतोच असं नाही. कधी आपला आवाजच त्याला फसवतो.

मैत्रिणीबरोबर आम्ही तेच वाक्य पुन्हा बांधलं. क्रियापद लांबवायचं आणि त्याआधी मराठीच्या ठेवणीतले दुवे वापरायचे: ‘-ऊन’, ‘-मुळे’, ‘असल्याने’. “सीलच्या पाचपैकी तीन लॉटना उशीर झाल्यामुळे, आणि दुसऱ्या सप्लायरचा ट्रायल लॉट पास झाला असल्याने, 40 टक्के ऑर्डर तिकडे वळवायला आज मंजुरी हवी आहे.” ‘झाल्यामुळे’वर वाक्य संपूच शकत नाही. तिथे श्वास घेतला तरी दार बंद राहतं, फक्त आवाज खाली येऊ द्यायचा नाही. याला मर्यादाही आहे. असे दोन दुवे चालतात. तिसऱ्यानंतर ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं आणि मग तो तोडतो तेव्हा सगळ्यांना बरंच वाटतं. मुद्दा त्याहून लांब असेल तर सुरुवातीलाच आकडा सांगावा: “दोन गोष्टी आहेत, दुसरीवर निर्णय हवाय.” मग पहिली गोष्ट संपल्यावर कुणी शिरलं, तर अजून एक राहिली आहे हे टेबलाभोवती सगळ्यांना माहीत असतं.

सुरुवातीचे नम्र शब्द तिने स्वतःच काढून टाकले. ‘मी जरा एक बोलू का’, ‘सॉरी, एक विचारायचं होतं’ हे शब्द संपेपर्यंत मुद्दा सुरूच झालेला नसतो आणि तेवढ्यात दुसरा शिरतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावण्यांचा टोन्या जेकोबी आणि डिलन श्वीर्स यांचा 2017 चा अभ्यास आहे. तिथल्या महिला न्यायाधीशांना पुरुषांपेक्षा जास्त वेळा मध्येच तोडलं जाई, आणि काळाच्या ओघात त्यांनी अशा प्रस्तावना कमी करून थेट प्रश्नावर यायला सुरुवात केली, असं त्यात दिसलं. त्या पदावर बसलेल्या बायकांनाही हे शिकावं लागलं, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

इतकं करूनही माणूस मध्ये पडतोच. तेव्हा काय करायचं? दोन आवाज एकमेकांवर आले की त्यातला एक बहुतेक वेळा एकदोन शब्दांतच थांबतो, हे शेग्लॉफ यांनी 2000 साली तपशिलाने दाखवलं. तेवढा वेळ टिकायचं. आवाज चढवला तर भांडण दिसतं, भरभर बोललं तर घाई दिसते. म्हणून त्याच पट्टीत, किंचित सावकाश, पुढे जात राहायचं. नजर मध्ये पडणाऱ्याकडे नको, कारण बघणं म्हणजे त्याला ‘बोला’ म्हणणं. झाकला गेलेला तुकडा मग पुन्हा म्हणायचा. ते तरीही थांबले नाहीत, तर एकच वाक्य: “सर, एवढं पूर्ण करते, मग तुमच्याकडे येते.” दुसऱ्या अर्ध्यातलं वचन पाळायलाच हवं, नाहीतर पुढच्या वेळी त्या वाक्याला किंमत राहत नाही.

व्हिडिओ कॉलवर मात्र यातलं टिकून राहणं चालत नाही. तिथे आवाज उशिरा पोहोचतो आणि दोघे एकदम बोलले की कुणाचंच नीट कळत नाही. तिथे आधीच क्रम ठरवून घेणं बरं.

आणि प्रत्येक आडवा शब्द अडथळा नसतो. ‘बरोबर, बरोबर’, ‘हो ना’ म्हणत काही जण बोलणाऱ्याबरोबर चालतात; डेबोरा टॅनन यांनी अशा साथीच्या बोलण्यावर खूप लिहिलं आहे. ओळखायची खूण सोपी आहे: त्या शब्दांनंतर विषय तुमच्याच हातात राहिला का?

शेवटची गोष्ट वाक्य संपण्याची. 1974 च्या त्या अभ्यासात एक नियम आहे: बोलणाऱ्याने पुढचा माणूस निवडला, तर पाळी आधी त्याची. मैत्रीण आधी ‘हवी आहे’ म्हणून वहीत बघायची आणि पाळी मोकळी पडायची. आता ती ‘हवी आहे’ला जोडूनच प्लांट हेडकडे बघत विचारते, “साहेब, आज सही होईल?” पाळी साहेबांकडे जाते, सीनियरकडे नाही.

तिसऱ्या सोमवारी ते ‘पास झाला’वर शिरले. दोघं दोनतीन शब्द एकदम बोलले, ती थांबली नाही, ते थांबले. तिने वाक्य पुरं केलं, साहेबांना विचारलं आणि मग म्हणाली, “सर, तुमचं राहिलं.” त्यांनी सांगितलं की नव्या सप्लायरचं पॅकिंग मोठं आहे आणि स्टोअरच्या रॅकमध्ये 40 टक्के माल बसणार नाही. तिने वहीत 40 खोडून 25 लिहिलं आणि साहेबांनी त्यावर सही केली.